बारावीचं संपादकास पत्र: आधी बसथांब्यावर उभं राहा

इंदूरला रामबागेत माझ्या घरी अकरावी-बारावीची मुलं भाषेच्या शिकवणीला येतात. 'शहरातील खराब सार्वजनिक वाहतुकीबद्दल संपादकास पत्र लिहा' हा प्रश्न दिसला की त्यांचा जीव भांड्यात पडतो, कारण तो पाठ असतो. मागे एकानं लिहून आणलेल्या पत्रात लोकलच्या दाराला लटकणारे प्रवासी होते. मी म्हटलं, "अरे, इंदुरात लोकल कुठे पाहिलीस?" तर म्हणाला, "काकू, गाइडमध्ये तसंच दिलंय." दुसऱ्या एकीनं आयबसच्या राखीव मार्गात दुचाकीवाले घुसतात अशी तक्रार लिहिली होती. ती तक्रार कधीकाळी खरी होती. पण 2013 साली सुरू झालेला तो बीआरटीएस मार्ग हटवायला उच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2025 मध्ये सांगितलं, आणि मुलीच्या वहीतलं पत्र मात्र तिच्या थोरल्या भावाच्या वेळचं होतं.

तर पहिल्यांदाच असं पत्र लिहिणाऱ्यांसाठी, मी मुलांकडून ते कसं करून घेते ते इथे सांगते. एकाच मुलीचं एकच पत्र घेऊ आणि ते कच्च्यापासून पक्क्यापर्यंत नेऊ.

गुण कुठे आहेत ते आधी बघा

सीबीएसईच्या बारावीच्या इंग्रजी कोअरमध्ये हे पत्र 120 ते 150 शब्दांत लिहायचं असतं आणि त्याला 5 गुण असतात. त्यातला 1 गुण साच्याला, 1 विचारांच्या जुळणीला, 2 आशयाला आणि 1 शुद्धलेखन-व्याकरणाला. तुमचं मंडळ वेगळं असेल किंवा पत्र मराठीच्या पेपरात असेल, तर चालू वर्षाची नमुना प्रश्नपत्रिका उघडून आकडे पाहून घ्या. पण या वाटणीतून एक गोष्ट कळते. मुलं जो साचा घोकत बसतात त्याला एकच गुण आहे, आणि ज्याचा विचारही करत नाहीत त्या आशयाला दोन.

साचा पटकन उरकू. वर पाठवणाऱ्याचा पत्ता, त्याखाली तारीख, मग 'प्रति, मा. संपादक', दैनिकाचं नाव आणि गाव. नंतर विषयाची एक ओळ, 'महोदय', तीन परिच्छेद, शेवटी 'आपला विश्वासू' आणि नाव. हल्ली सगळं डाव्या समासाला लावतात. जुन्या मराठी पद्धतीत पत्ता आणि तारीख उजवीकडे असे. शाळेत जे शिकवलं असेल ते धरा, फक्त एकाच पत्रात दोन्ही पद्धती नकोत. 'स. न. वि. वि.' इथे लिहू नका, ते घरगुती पत्रात शोभतं. नाव, पत्ता आणि दैनिक प्रश्नात दिलं असेल तर तेच घ्या. दिलं नसेल तर 'अ. ब. क.' लिहा. स्वतःचं किंवा शाळेचं नाव उत्तरपत्रिकेत कुठेही येऊ देऊ नका.

पत्र संपादकाला, पण ऐकायचं कोणी?

संपादक बस चालवत नाही. हे वाक्य ऐकून मुलं हसतात, आणि तरी लिहितात, 'कृपया आपण बसची संख्या वाढवावी.' हे पत्र अर्जासारखं लिहायचं नसतं. पाकिटावर संपादकाचं नाव असलं तरी ते तीन जण वाचतात: त्याच थांब्यावर उभा राहणारा दुसरा प्रवासी, बसशी काही संबंध नसलेला वाचक, आणि ज्याच्या हातात उपाय आहे तो अधिकारी. म्हणून संपादकाकडे मागायचं ते एवढंच, की पत्र छापा. बाकी मागणी कोणाकडे आहे ते नाव घेऊन, म्हणजे 'शहर बससेवेच्या व्यवस्थापनाने' असं, स्पष्ट लिहायचं. 'प्रशासनाने लक्ष द्यावे' यातलं प्रशासन म्हणजे कोण, हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं.

इंदूरच्या मुलांनी खरं तर यात मागे पडू नये. इंदूरहून 1947 पासून निघणाऱ्या 'नईदुनिया' या हिंदी दैनिकाचे राहुल बारपुते हे हिंदी पत्रकारितेतले नावाजलेले संपादक, आणि ते आपल्यातलेच, मराठी घरातले. आमच्या वडिलांच्या पिढीला वाचकांची पत्रं अग्रलेखाआधी वाचायची सवय होती. असो.

कच्चं पत्र

ही मुलगी सुदामा नगरात राहते. तिचा क्लास भंवरकुआला, जिथे निम्म्या इंदूरचे क्लास आहेत. संध्याकाळी साडेसहाला सुटते आणि फूटी कोठीकडे जाणाऱ्या बसची वाट पाहते. तिनं पहिल्यांदा आणलेलं पत्र असं होतं:

> आपल्या लोकप्रिय दैनिकाच्या माध्यमातून मी शहरातील सार्वजनिक वाहतुकीच्या गंभीर समस्येकडे लक्ष वेधू इच्छिते. बस वेळेवर येत नाहीत. बसमध्ये खूप गर्दी असते. बस जुन्या झाल्या आहेत. तिकीट महाग आहे. वाहक उद्धटपणे बोलतात. महिलांची गैरसोय होते. प्रदूषणही वाढते. तरी प्रशासनाने त्वरित लक्ष देऊन या समस्येचे समाधान करावे.

व्याकरणाची फारशी चूक नाही, पण यात इंदूरही नाही आणि ती मुलगीही नाही. हेच पत्र नागपूरच्या किंवा नाशिकच्या मुलानं लिहिलं तर एक शब्द बदलावा लागणार नाही. सात तक्रारी आहेत आणि प्रत्येकीला एक वाक्य, त्यामुळे एकीचंही वजन पडत नाही. शब्दमर्यादा दीडशेची असताना एकच तक्रार नीट मावते, फार तर तिला लागून असलेली दुसरी.

मी विचारलं, "काल थांब्यावर किती वाजता पोचलीस?"

"साडेसहाला, काकू."

"आणि बस?"

"आली खूप वेळानं. मग दोन आल्या, एकदम."

"एकदम म्हणजे?"

"एक गेली आणि लगेच दुसरी. पहिलीत चढताच आलं नाही, दुसरीत बसायला जागा."

पत्र तिथेच होतं, आणि तिच्या वहीत त्याचा मागमूस नव्हता.

तीन संध्याकाळी, एक वही

तिला सांगितलं, तीन दिवस साडेसहा ते आठ थांब्यावरच उभी राहा आणि तुझ्या मार्गाची प्रत्येक बस आली की दोन गोष्टी लिही: वेळ आणि गर्दी. गर्दीला तीनच शब्द: 'रिकामी', 'भरलेली', 'चढता आलं नाही'. घरी आईला कळवून ठेवलं होतं, आणि सोबत एक मैत्रीण होती.

सोमवारच्या पानावर चार नोंदी होत्या. 6.38 ला भरलेली. 7.22 ला चढता आलं नाही. 7.25 ला रिकामी. 7.58 ला भरलेली. दीड तासात चार बस म्हणजे सरासरी बावीस-तेवीस मिनिटांना एक, असं कागदावर कुणीही दाखवेल. पण 6.40 ला थांब्यावर आलेल्या माणसानं बेचाळीस मिनिटं वाट पाहिली. म्हणून पत्रात सरासरी लिहू नका, सगळ्यात मोठं अंतर लिहा. माणूस थांब्यावर उभा असतो तो त्या अंतरात.

आता दोन बस चिकटून का येतात? थांब्यावर उभे असलेले याला चालकाचा आळस समजतात, पण कारण बहुतेक वेळा साधं असतं. पुढची बस कुठेतरी सिग्नलला किंवा वरातीत अडकून पाच मिनिटं मागे पडते. त्या पाच मिनिटांत पुढच्या थांब्यावर जास्त माणसं जमतात. ती चढायला, तिकीट घ्यायला जास्त वेळ जातो, म्हणून बस आणखी उशिरा पोचते आणि त्यापुढच्या थांब्यावर आणखी माणसं भेटतात. मागच्या बसचं नेमकं उलटं होतं. तिला थांबे रिकामे मिळतात, ती भराभर पुढे सरकते आणि शेवटी पहिलीला गाठते. एकदा जोडी जमली की ती आपोआप सुटत नाही.

यावर जगभर वापरला जाणारा उपाय असा, की मार्गाच्या मध्यावर एखाद्या थांब्यावर माणूस ठेवायचा आणि चिकटून आलेली मागची बस काही मिनिटं रोखायची. एसटीच्या स्थानकावर असतो तसा वाहतूक नियंत्रक. याला मर्यादा आहे. रोखलेल्या बसमध्ये आधीच बसलेल्यांना उशीर होतो, म्हणून हे प्रत्येक थांब्यावर करता येत नाही. एक, फार तर दोन जागी.

आणि सगळा उशीर या जातीचा नसतो. ओळखायची खूण तिच्या वहीतच निघाली. मंगळवारी परत जोडी आली, मागची रिकामी. बुधवारी मात्र 47 मिनिटं काहीच नाही, मग एकटी बस, तिच्या मागे कुणी नाही. लांब अंतरानंतर दोन बस आल्या तर वेळापत्रक विस्कटलं आहे. एकटीच आली तर मधली फेरी बहुधा सुटलीच नव्हती: बस बिघडली असेल किंवा फेरी रद्द केली असेल. पहिल्याला नियंत्रक लागतो. दुसऱ्याला नियंत्रक काही करू शकत नाही. तिथे निदान थांब्यावर कळवणं तरी मागता येतं, म्हणजे माणूस मॅजिक व्हॅन किंवा ई-रिक्शा धरून घरी जाईल.

मुलीला मोह झाला होता तिन्ही दिवस जोडी आली असं लिहायचा. "वाक्य सोपं होतं, काकू." होतं खरं. पण बुधवार वेगळा होता म्हणून तो वेगळाच लिहायला लावला, आणि त्यामुळेच पत्रात दुसरी मागणी आली.

पक्कं पत्र

> सुदामा नगर,
> इंदूर.
>
> 12 ऑगस्ट 2025
>
> प्रति,
> मा. संपादक,
> (प्रश्नात दिलेले दैनिक),
> इंदूर.
>
> विषय: संध्याकाळच्या शहर बसमधील अनियमित अंतराबाबत.
>
> महोदय,
>
> भंवरकुआ परिसरातील शिकवणी वर्ग संध्याकाळी सुटल्यावर शेकडो विद्यार्थी शहर बसने घरी परततात. फूटी कोठीकडे जाणाऱ्या बसच्या वेळांतील अनियमितपणाकडे मी या पत्राद्वारे लक्ष वेधू इच्छिते.
>
> गेल्या आठवड्यात तीन दिवस मी साडेसहा ते आठ या वेळेत थांब्यावरील बसची नोंद ठेवली. सोमवारी 6.38 नंतरची बस थेट 7.22 ला आली आणि तिच्या मागोमाग तीन मिनिटांनी दुसरी. पहिलीत पाय ठेवायला जागा नव्हती, दुसरी जवळजवळ रिकामी होती. मंगळवारीही असेच घडले. म्हणजे बस कमी असणे एवढेच कारण दिसत नाही. त्या एकमेकींना चिकटून धावतात. बुधवारी मात्र 47 मिनिटांत एकही बस आली नाही. नाइलाजाने अनेक मुली जादा भाडे देऊन रिक्शाने जातात.
>
> शहर बससेवेच्या व्यवस्थापनाने संध्याकाळी मार्गाच्या मध्यावरील एका थांब्यावर वाहतूक नियंत्रक नेमावा आणि पुढच्या बसला चिकटून आलेली बस काही मिनिटे थांबवावी. एखादी फेरी रद्द झाल्यास थांब्यावर तशी सूचना मिळावी. या दोन्ही गोष्टींसाठी नवीन बस विकत घ्याव्या लागणार नाहीत.
>
> आपली विश्वासू,
> अ. ब. क.

मजकूर सव्वाशे शब्दांच्या आसपास भरतो, म्हणजे मर्यादेत बसतो आणि दोन-चार शब्द वाढवायलाही जागा राहते.

विषयाची ओळ बघा. 'सार्वजनिक वाहतुकीच्या समस्येबाबत' असं लिहिलं असतं तर पुढे सगळंच लिहावं लागलं असतं. 'अनियमित अंतर' लिहिल्यावर तिकीट, प्रदूषण, वाहकाचं बोलणं आपसूक बाहेर राहिलं. वाहकाला तर तिथे आणायचंच नव्हतं, कारण अनेक शहरांत बस ठेकेदाराच्या असतात आणि वेळापत्रक बससेवा चालवणारी कंपनी ठरवते. तिकीट फाडणाऱ्या माणसावर राग काढून वेळ सुधारत नाही.

'बस कमी असणे एवढेच कारण दिसत नाही' या वाक्यावर आमची बरीच घासाघीस झाली. तिनं आधी लिहिलं होतं, 'बस पुरेशा आहेत.' तीन संध्याकाळी एका थांब्यावर उभं राहून एवढं म्हणता येत नाही. जेवढं पाहिलं तेवढंच म्हणायचं. 'शेकडो विद्यार्थी' हेही मी जरा नाखुशीनंच राहू दिलं. भंवरकुआला संध्याकाळी जो उभा राहिलाय तो त्याला हरकत घेणार नाही म्हणून. '70 टक्के प्रवासी त्रस्त आहेत' यासारखी वाक्यं मात्र मी लाल शाईनं खोडते. परीक्षेत टक्के टाकले की छाप पडते असं मुलांना कुणी सांगितलंय कोण जाणे. तपासणाऱ्याला ते हवेतले आहेत हे लगेच कळतं.

शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं. अधिकाऱ्याचं ठरलेलं उत्तर असतं, 'निधी नाही.' तिनं ते आधीच गृहीत धरून उत्तर दिलं. मला ते फार आवडलं.

इंदुरी मराठीचे सापळे

आपण बाहेर दिवसभर हिंदी बोलतो, त्यामुळे काही शब्द ओळखीचे वाटतात आणि फसवतात. कच्च्या पत्रातलं 'समस्येचे समाधान' हे त्यातलंच. मराठीत समाधान माणसाला होतं; समस्येचं निराकरण होतं, किंवा समस्या सोडवतात. एकानं लिहिलं होतं, 'प्रशासनाने बस वेळेवर चालवण्याची चेष्टा करावी.' हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत वाचलं की प्रशासन ते आधीपासूनच करतंय असं वाटतं! 'यात्री' म्हटलं की आपल्याला पंढरपूर-काशी आठवते. बसमधला तो प्रवासी. 'शिकायत' नको, तक्रार.

शुद्धलेखनात या विषयावर हमखास चुकणारे शब्द दोन: 'दुरवस्था' (मुलं 'दुरावस्था' लिहितात) आणि 'विश्वासू', ज्यातला सू दीर्घ आहे. आणि बोलीतलं 'केलं, आलं' या लेखात ठीक आहे, पत्रात 'केले, आले' ठेवा.

परीक्षेच्या खोलीत

तिथे थांबा नसतो, म्हणून वहीचं पान आधी तयार हवं. परीक्षेच्या महिनाभर आधी तीन संध्याकाळी आपल्या रोजच्या थांब्यावर उभं राहिलात तर बसवरचा प्रश्न कसाही फिरवून आला तरी चालतो. प्रश्नात मुद्दे दिले असतील, समजा गर्दी आणि महिलांची सुरक्षितता, तर नोंद तीच ठेवा आणि वजन तिकडे सरकवा. 7.22 ची बस गर्दीचा दाखला होईल. बुधवारची 47 मिनिटं अंधारात थांब्यावर उभ्या मुलींचा दाखला होतील. दिलेला मुद्दा गाळला तर आशयाचा गुण जातो, मग पत्र कितीही खरं असो.

तुम्ही बसनं जातच नसाल तर घरात कोण जातं त्याला विचारा. आमच्याकडे एका मुलाची सगळी नोंद त्याच्या आजोबांची होती, राजवाड्याहून रोज सकाळी परतणाऱ्या. त्यांनी वेळा सांगितल्या त्या मिनिटासकट.

पत्राला बारा मिनिटं ठेवा. त्यातली दोन लिहिण्याआधी: समासात पेन्सिलनं तीन शब्द लिहायचे, काय पाहिलं, कारण काय, मागणी कोणाकडे. आठ मिनिटं लिहायला. उरलेली दोन तपासायला, आणि त्यात पहिल्यांदा बघायचं ते हे की वर 'इच्छिते' आणि खाली 'आपला विश्वासू' असं झालंय का. प्रश्नात मुलाचं नाव असतं, मुलगी सवयीनं 'इच्छिते' लिहून जाते, आणि सही करताना नाव बघून 'आपला' करते. दरवर्षी निदान दोघी तरी.